पिल्लू एकच होतं का?

वाळूतून एक इवलंसं डोकं वर येतं. डोळे मिटमिटतात, मान वळते आणि पिल्लू बाहेर पडून चार पावलं चालतं. शेजारच्या काळ्या खडकाच्या फटीतून एक साप सरकतो, मागोमाग दुसरा. पिल्लू जागच्या जागी थिजतं. साप त्याच्या अंगावरून गेल्यासारखा जातो, पण त्याला काही कळत नाही. मग एकाएकी पिल्लू धूम ठोकतं, आणि खडकाच्या प्रत्येक भेगेतून साप ओसंडू लागतात. एकदा तर सापांचा विळखाच बसतो, आता संपलं असं वाटतं, आणि त्या गुंत्यातून पिल्लू निसटून खडकावर उडी मारतं. जगभरच्या लोकांनी श्वास रोखून पाहिलेलं हे दृश्य बीबीसीच्या ‘प्लॅनेट अर्थ २’ या मालिकेच्या पहिल्या भागातलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये ते दाखवलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत प्रेक्षकांच्या मतांवर ठरणारा ‘चुकवू नये असा क्षण’ हा मान त्याला मिळाला.

२०१७ मध्ये त्या भागाच्या निर्मात्या एलिझाबेथ व्हाइट यांनी एका जाहीर कार्यक्रमात सांगून टाकलं की ते सगळं एकाच पिल्लाचं नव्हे. चित्रीकरण दोन कॅमेऱ्यांनी झालं होतं आणि पाठलागात इतर पिल्लांचे तुकडेही जोडले होते. सरडे आणि साप काही ‘रीटेक’ देत नाहीत, असंही त्या गमतीनं म्हणाल्या. वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली. काही प्रेक्षकांना आपण फसवलो गेलो असं वाटलं, काहींनी खांदे उडवले. मला विचाराल तर दोघांचंही थोडं चुकलं. त्या दृश्यात खोटं काही नव्हतं. पण ते घडलं तसं, त्याच क्रमानं, त्याच एका जिवाच्या बाबतीत आपल्यापुढे आलं नव्हतं. निसर्गपट कसे बनतात हे समजून घ्यायचं तर या फरकात शिरायला हवं.

फर्नांडिना हे गॅलापागोस द्वीपसमूहातलं निर्मनुष्य बेट. जागृत ज्वालामुखी, गोठलेल्या लाव्हाचे काळे खडक आणि किनाऱ्याला मधूनमधून वाळूचे पट्टे. आपल्या घोरपडीची आठवण करून देणारे सागरी इग्वाना इथे हजारोंनी राहतात. समुद्रात बुडी मारून शेवाळ खाणारा हा जगातला एकमेव सरडा. माद्या वाळूत अंडी पुरतात आणि जूनच्या सुमारास पिल्लं बाहेर पडू लागतात. प्रत्येक पिल्लाला वाळूतून पाण्याकाठच्या खडकांपर्यंत, मोठ्या इग्वानांच्या गर्दीत पोचायचं असतं. वाटेवर रेसर नावाचे चपळ साप टपून बसलेले असतात. वर्षातली त्यांची खरी मेजवानी या काही दिवसांतच होते. या सापांची नजर बेताची, पण हालचाल मात्र पटकन टिपणारी. म्हणून पिल्लू स्तब्ध राहिलं तर वाचतं आणि हललं तर सापाच्या नजरेत येतं. अभिनय म्हणावा असा दृश्यातला तो थिजण्याचा क्षण हा पिल्लाचा जीव वाचवण्याचा खराखुरा उपाय आहे.

आता कॅमेरामनच्या जागी उभं राहून बघा. पिल्लं एकदम बाहेर पडत नाहीत. दिवसभरात एखादं निघेल, कदाचित दोन-चार. कुठल्या भोकातून निघेल हे माहीत नाही. निघालं की पुढचा खेळ फार तर काही सेकंदांचा. एक कॅमेरा दुरून, लांब लेन्सवर पूर्ण पळ पकडतो. दुसरा हातात धरून, हादरे न बसू देणाऱ्या चौकटीवर चढवलेला, जमिनीलगत धावतो. दोघांनी मिळून एका पळाचे फार तर काही तुकडे हाती लागतात. पिल्लू डोकं काढतं तेव्हा लेन्स पळण्याच्या वाटेकडे वळलेली असते, आणि साप फटीतून निघतो तेव्हा ती पिल्लावर असते. डोळ्याचा जवळून शॉट हवा असेल तर तो पळण्याच्या भरात मिळणं अशक्यच. तो दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या निवांत बसलेल्या पिल्लाचा घ्यावा लागतो.

मग संकलक बसतो. ज्या पळात सर्वांत चांगलं काही मिळालं तो कणा. त्यावर बाकीचे तुकडे बसवायचे: दुसऱ्या दिवशीची सापाची जीभ, तिसऱ्या पिल्लाचे पाय, चौथ्याचा वर-खाली होणारा गळा. सावल्या जुळल्या पाहिजेत, वाळूचा रंग जुळला पाहिजे, पळण्याची दिशा एकच राहिली पाहिजे. असं करताना जे पिल्लू प्रत्यक्षात मारलं गेलं, त्याच्याही पळाचे तुकडे वाचलेल्या पिल्लाच्या कथेत खपून जाऊ शकतात. इथे प्रश्न नीतीचा येतो, आणि त्याचं उत्तर मला तरी एका कसोटीवर मिळतं. पडद्यावर जे घडतं ते त्या प्राण्याच्या बाबतीत, त्या ठिकाणी खरोखर घडतं का? फर्नांडिनावर ते घडतं. सापांच्या विळख्यातून पिल्लू सुटल्याचा शॉट हा जोडकामाचा नाही. त्यात साप आणि पिल्लू एकाच चौकटीत आहेत आणि तो तुटत नाही.

या कसोटीवर सपशेल नापास झालेलं उदाहरणही प्रसिद्ध आहे. वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओनं १९५८ मध्ये ‘व्हाइट विल्डरनेस’ नावाचा निसर्गपट काढला. त्याला ऑस्करही मिळालं. त्यात लेमिंग नावाचे उंदरासारखे छोटे प्राणी झुंडीनं कड्यावरून समुद्रात उड्या टाकताना दिसतात आणि निवेदक गंभीर आवाजात त्यांच्या या वेडाची कहाणी सांगतो. १९८२ मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीनं शोध घेतला तेव्हा वेगळंच निघालं. चित्रीकरण कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात झालं होतं. तिथे समुद्रच नाही आणि त्या भागात लेमिंगही नाहीत. प्राणी मॅनिटोबातल्या मुलांकडून विकत आणले होते. झुंड दिसावी म्हणून त्यांना बर्फानं झाकलेल्या फिरत्या चकतीवर पळवलं होतं. कड्यावरून त्यांनी उड्या मारल्या नव्हत्या, त्यांना ढकललं होतं, आणि खाली नदी होती. लेमिंगांची संख्या तीन-चार वर्षांच्या फेऱ्यात भरमसाट वाढते, मग ते नव्या जागा शोधत निघतात आणि वाटेतलं पाणी ओलांडताना काही बुडतात, एवढं खरं. आत्महत्या मात्र माणसांनी घडवली. आजही इंग्रजीत एकामागून एक आंधळेपणानं जाणाऱ्यांना लेमिंग म्हणतात, त्या समजाला बळ देणाऱ्यांत या चित्रपटाचा हात मोठा आहे.

या दोन टोकांच्या मधे बराच मोठा करडा प्रदेश आहे, आणि वाद तिथेच होतात. २०११ सालची बीबीसीची ‘फ्रोझन प्लॅनेट’ मालिका घ्या. हिवाळ्यावरच्या भागात ध्रुवीय अस्वलीण बर्फाखालच्या बिळात पिल्लांना जन्म देताना दाखवली होती. जन्मतः ही पिल्लं आंधळी असतात आणि वजनाला किलोभरही नसतात. इतक्या जवळून ती दिसताना पाहणारा विरघळून गेला. डिसेंबरमध्ये बातमी फुटली की बिळातलं चित्रीकरण उत्तर ध्रुवाजवळचं नसून नेदरलँड्समधल्या प्राणिसंग्रहालयातलं आहे. तिथे एक बीळ बांधून त्यात आधीच छोटे कॅमेरे बसवले होते. आजूबाजूचे बर्फाळ डोंगर मात्र खरेखुरे आर्क्टिकचे. पडद्यावर दोन्ही सलग आले, त्यामुळे प्रेक्षकानं साहजिकच धरून चाललं की हे बीळ त्या डोंगरातलंच.

मालिकेचे निवेदक डेव्हिड अ‍ॅटनबरो यांनी बाजू मांडली: रानातल्या बिळात कॅमेरा घालायला गेलो असतो तर अस्वलिणीनं पिल्लू तरी मारलं असतं, नाही तर कॅमेरामन. हे म्हणणं अगदी बरोबर आहे. बाळंतीण अस्वल बिथरलं तर पिल्लं टाकतं, हे कुणीही अस्वलांचा अभ्यासक सांगेल. निवेदनाचे शब्दही जपून लिहिलेले होते. हे पिल्लू रानात जन्मलं असं कुठेही थेट म्हटलेलं नव्हतं. चित्रीकरण कसं केलं ते मालिकेच्या संकेतस्थळावरही सांगितलेलं होतं. तरीही मला बीबीसीची बाजू इथे कमकुवतच वाटते. दूरचित्रवाणीवर पाहणारा माणूस संकेतस्थळ धुंडाळत बसत नाही. शब्दांत खोटं नसेल, पण दोन शॉट शेजारी ठेवले की त्यांतून एक वाक्य आपोआप तयार होतं, आणि ते वाक्य खोटं होतं. एक ओळ निवेदनात घातली असती तर काही बिघडलं नसतं.

मुद्दा असा की जमिनीखालचं, बिळातलं, मुळांमधलं, अंड्याच्या आतलं जे काही आपण पाहतो, ते बहुतेक वेळा बांधलेल्या जागेत घेतलेलं असतं. किड्यांच्या, कोळ्यांच्या फार जवळच्या शॉटचंही तसंच. काचेच्या पेटीत माती, पानं, दिवे आणि योग्य उष्णता यांची मांडणी करून आठवडे घालवावे लागतात. किडा मात्र खरा, त्याचं वागणंही खरं. फक्त जागा त्याची नसते.

उलट टोकाला असे शॉट आहेत जिथे काहीच मांडता येत नाही. २००६ च्या मूळ ‘प्लॅनेट अर्थ’मधला हिमबिबट्या हे त्याचं मोठं उदाहरण. त्याच्या शिकारीचं चित्रीकरण तोवर कुणाला जमलं नव्हतं. कॅमेरामन मार्क स्मिथ आणि पाकिस्तानी पत्रकार निसार मलिक यांनी अफगाण सीमेजवळच्या चित्राल भागात थंडीत मुक्काम ठोकला. एका हिवाळ्यात हाताला फारसं लागलं नाही, म्हणून पुन्हा गेले. शेवटी मिळालं ते असं: बिबट्याची मादी उभ्या कड्यावरून मारखोर या शिंगवाल्या रानबोकडावर झेपावते, दोघं कोसळल्यासारखे उताराला लागतात, मारखोर नदीत उडी घेतो आणि बिबट्याची मादी काठावर थांबते. शिकार फसते. कॅमेरा दरीच्या पलीकडे, फार दूर. चित्र किंचित थरथरतं. इग्वानाच्या दृश्यातला थरार इथे नाही. पण बिबट्या आणि मारखोर दोघंही एकाच चौकटीत आहेत, एकामागून एक, तुटक नाहीत. जाणकार या दृश्याला एवढा मान देतात तो याचसाठी.

आता आवाजाकडे या, कारण खरी कारागिरी तिथे आहे आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. लांब लेन्स पाचशे मीटरवरचा प्राणी डोळ्यापुढे आणते, पण मायक्रोफोनला तशी लेन्स नसते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे पाचशे मीटरवरच्या अस्वलाचं पाऊल कॅमेऱ्यापाशी ऐकू आलंच तर जवळजवळ दीड सेकंद उशिरा येईल, आणि त्यात वाराच जास्त असेल. हवेतून चित्रीकरण असेल तर हेलिकॉप्टरची घरघर सोडून काहीच मिळत नाही. म्हणून बर्फावरच्या पावलांचा जो करकर आवाज आपण ऐकतो तो स्टुडिओत बनतो. एक माणूस पडद्याकडे बघत कापडी पिशवीत भरलेलं कॉर्नफ्लॉवर तालात दाबतो आणि अस्वल चालू लागतं. चित्रपटसृष्टीत याला फोली म्हणतात. कोळी जाळं विणताना येणारा, फूल उमलताना येणारा आवाज तर मुळात कानाला ऐकू येणारा नसतोच. यावर कुणी फारसा आक्षेप घेत नाही. मीही घेत नाही, पण एखादा प्राणी पडद्यावर शंभर पावलं दूर असताना त्याचा श्वास कानाशी ऐकू आला, तर तो श्वास कुण्या माणसाचा आहे हे लक्षात ठेवायला हरकत नाही. पाठलागाच्या वेळी छातीत धडधड होते ती सापांमुळे जेवढी, तेवढीच संगीतामुळे. ‘प्लॅनेट अर्थ २’च्या संगीतात हान्स झिमर यांचं नाव आहे, आणि झिमर हॉलिवूडच्या थरारपटांत मुरलेले संगीतकार.

संगीतावर बसतो तो निवेदकाचा आवाज. अ‍ॅटनबरो यांचा जन्म १९२६ चा. बीबीसीत ते १९५२ मध्ये आले आणि १९५४ मध्ये ‘झू क्वेस्ट’ ही प्राण्यांवरची मालिका सुरू केली. १९७९ च्या ‘लाइफ ऑन अर्थ’मध्ये ते स्वतः जगभर फिरले. रवांडाच्या डोंगरात गोरिलांच्या कळपात बसून त्यांनी कुजबुजत्या आवाजात बोललेले क्षण त्याच मालिकेतले. ‘प्लॅनेट अर्थ’पासून मात्र चित्र बदललं. तिथे ते बहुतेक ठिकाणी गेलेलेच नाहीत. चित्रीकरणाची पथकं वर्षानुवर्षं फिरतात. ‘प्लॅनेट अर्थ २’साठी चाळीस देशांत ११७ दौरे झाले. चित्रं जुळून आली की निवेदनाचा मसुदा त्यांच्याकडे जातो आणि ते त्यावर आपला हात फिरवून ध्वनिमुद्रण करतात. तरीही आपल्याला वाटत राहतं की सापांच्या त्या किनाऱ्यावर हे म्हातारे गृहस्थ उभे आहेत. आवाजावरचा विश्वास इतका पक्का असतो की तो माणूस तिथे नसल्याचं ध्यानात येत नाही.

त्यांच्या निवेदनाची खुबी काय, तर ते कमी बोलतात. चित्रात दिसतं ते पुन्हा सांगायचं नाही, दिसत नाही तेवढंच सांगायचं, हा त्यांचा परिपाठ. सापाला नीट दिसत नाही हे चित्रातून कळणार नाही, म्हणून ते सांगायचं. बाकी गप्प राहायचं. हे सोपं वाटतं. पण हौशी निवेदक इथेच घसरतात. चित्रात वाघ चालतोय आणि आवाज सांगतोय, वाघ चालतो आहे.

निवेदनानं चित्रपटच कसा पालटतो हे पाहायचं असेल तर २००५ च्या फ्रेंच पेंग्विनपटाकडे पाहा, जो इंग्रजीत ‘मार्च ऑफ द पेंग्विन्स’ म्हणून गाजला. अंटार्क्टिकात वर्षभर राहून घेतलेली दृश्यं तीच; पण मूळ फ्रेंच आवृत्तीत पेंग्विन नर, मादी आणि पिल्लू स्वतःच्या तोंडानं बोलतात. वेगवेगळ्या कलाकारांनी त्यांना आवाज दिले आहेत. अमेरिकन आवृत्तीत ते सगळं काढून मॉर्गन फ्रीमन यांनी त्रयस्थपणे केलेलं निवेदन घातलं. त्याच आवृत्तीला ऑस्कर मिळालं. पहिलीत पेंग्विनांचं प्रेमप्रकरण दिसतं, दुसरीत त्यांचं कष्टाचं जगणं. पेंग्विनांनी दोन्ही वेळा केलं मात्र एकच.

निवेदकावर सर्वाधिक भार पडल्याचं एक दृश्य मुंबईतलं आहे. ‘प्लॅनेट अर्थ २’च्या शहरांवरच्या भागासाठी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेनं वावरणारे बिबटे रात्री चित्रित केले. दिवा लावला तर बिबट्या येणार नाही, म्हणून थर्मल कॅमेरा वापरला. तो प्रकाश नव्हे तर अंगाची उष्णता पाहतो. गरम शरीर पांढुरकं, थंड भिंत काळी. बिबट्या, डुक्कर, कुत्रा, माणूस सगळे त्यात भुतासारखे दिसतात. ठिपके नाहीत, डोळे नाहीत, रंग नाही. बिबट्या पाळीव डुकरांच्या मागे जातो हे कळतं, पण जागा कुठली, हे माणसांच्या किती जवळ आहे, हे आवाज सांगेल तेव्हाच कळतं. म्हणूनच या दृश्यात निवेदक काय निवडतो याला महत्त्व येतं. परदेशी प्रेक्षकासाठी तो निवडणार शहरातला थरार. आरे कॉलनीत, ठाण्याला, बोरिवलीच्या कडेला राहणाऱ्याला बिबट्या नवा नसतो. रात्री कुत्रा बाहेर बांधायचा नाही, पोराला एकटं धाडायचं नाही, कचरा साठू द्यायचा नाही, हे त्याच्या रोजच्या वागण्यात असतं. याच उद्यानात राहणारे वारली वाघोबाला देव मानतात. काही मिनिटांच्या थरारात हे मावत नाही, आणि मावलंच पाहिजे असंही नाही. पण ते दृश्य पाहून आपल्या शहरातल्या बिबट्याबद्दल सगळं कळलं असं समजू नये.

एकच गोष्ट सुचवतो. मोठ्या मालिकांच्या प्रत्येक भागाच्या शेवटी चित्रीकरण कसं झालं ते दाखवणारी काही मिनिटं असतात. बरेच लोक तेवढ्यात टीव्ही बंद करतात, तसं करू नका. आणि इग्वानाचा तो पाठलाग दोनदा पाहा. एकदा आवाजासह, आणि एकदा आवाज पूर्ण बंद करून. दुसऱ्या वेळी फक्त एवढंच मोजा, की साप आणि पिल्लू एकाच चौकटीत किती वेळा आले.